चॅनलचेच व्हिडिओ एकमेकांचा सर्च खातायत का: व्हीलुकअपच्या नोंदी

25 फेब्रुवारी

एक्सेल शिकवणारं यूट्यूब चॅनल आहे, साधारण दीडशेच्या आत व्हिडिओ. चॅनलवाल्या सरांची तक्रार अशी की नोव्हेंबरात व्हीलुकअप या फॉर्म्युल्याचा मोठा नवा व्हिडिओ टाकला, मेहनत घेतली, आवाज चांगला, स्क्रीन स्वच्छ, आणि तरी सर्चमधून येणारे लोक वाढायचे सोडून कमीच झाल्यासारखे वाटतात. "जुनाच बरा चालत होता, नवीन टाकून मी काय बिघडवलं का?" असं विचारत होते.

त्यांच्या व्हिडिओंच्या यादीत vlookup शोधलं तर टायटलमध्ये तो शब्द असलेले बरेच निघाले, पण सर्चमधून खरी माणसं आणणारे चारच. बोलायला सोपं जावं म्हणून नावं पाडतो.

जुना: "VLOOKUP कसं वापरायचं, सोप्या भाषेत", 14 मिनिटं, तीन वर्षांपूर्वीचा.
मोठा: "VLOOKUP फुल ट्युटोरियल मराठीत", 22 मिनिटं, 10 नोव्हेंबरला टाकलेला.
एररवाला: "VLOOKUP मध्ये #N/A का येतो", 8 मिनिटं.
तुलनावाला: "XLOOKUP की VLOOKUP", 11 मिनिटं.

शिवाय एक शॉर्ट आहे, साठ सेकंदात व्हीलुकअप. त्याचे जवळपास सगळे व्ह्यू शॉर्ट्स फीडमधून आहेत, सर्चमधून नाममात्र, म्हणून तो हिशोबाबाहेर. फक्त त्याच्या रिलेटेड व्हिडिओच्या लिंकमध्ये जुना लावून टाकला, संपला विषय.

सरांना आधीच सांगून ठेवलंय की दोन व्हिडिओंच्या टायटलमध्ये एकच शब्द आहे म्हणजे ते भांडतायतच असं नाही. टायटलवरून फक्त संशयितांची यादी मिळते. लोकांनी नेमकं काय टाइप केलं आणि त्यावरून कुठला व्हिडिओ उघडला हे बघितल्याशिवाय काहीच ठरत नाही.

26 फेब्रुवारी

डेटा काढला. स्टुडिओत प्रत्येक व्हिडिओच्या अॅनालिटिक्समध्ये ट्रॅफिक सोर्समधून यूट्यूब सर्च उघडलं की लोकांनी टाइप केलेल्या सर्च टर्म्स दिसतात, पण एकेक व्हिडिओ उघडत बसण्यापेक्षा यूट्यूब अॅनालिटिक्स एपीआयनं काढणं बरं. प्रत्येक व्हिडिओसाठी विनंती एवढीच:

```
ids=channel==MINE
startDate=YYYY-MM-DD
endDate=YYYY-MM-DD
metrics=views,estimatedMinutesWatched
dimensions=insightTrafficSourceDetail
filters=video==VIDEO_ID;insightTrafficSourceType==YT_SEARCH
sort=-views
maxResults=25
```

यात अडचण शेवटच्या ओळीत आहे. या रिपोर्टला 25 च्या वर जाता येत नाही, म्हणजे एका व्हिडिओच्या वरच्या 25 टर्म्सच मिळतात. लहान व्हिडिओला तेवढं पुरतं पण जुन्याला पंचविसाव्या टर्मलाच बरेच व्ह्यू होते, म्हणजे खाली अजून बरंच काही कापलं गेलंय हे उघड आहे. म्हणून जुना आणि मोठा या दोघांसाठी महिना महिना वेगळा मागवला आणि नंतर बेरीज केली, प्रत्येक महिन्याचे वरचे 25 वेगळे येतात त्यामुळे यादी बरीच लांबते. मात्र कालावधी फार बारीक केला तर उलटं होतं, अगदी थोडे व्ह्यू असलेल्या टर्म्स यूट्यूब दाखवतच नाही, त्या गायब व्हायला लागतात. महिन्याच्या खाली गेलो नाही.

आणि एक तपासणी जी सहसा कुणी करत नाही: नाव दिसणाऱ्या टर्म्सच्या व्ह्यूंची बेरीज आणि त्या व्हिडिओचे सर्चमधले एकूण व्ह्यू शेजारी शेजारी ठेवायचे. बेरीज एकूणपेक्षा कमीच येणार. ती निम्म्याच्याही खाली असेल तर त्या व्हिडिओबद्दल फार ठामपणे बोलू नये. जुन्याची तीन चतुर्थांशाच्या वर आली, चालेल.

28 फेब्रुवारी

आजचा सगळा वेळ टर्म्सचे गट पाडण्यात गेला आणि माझ्या मते या पूर्ण कामातला सगळ्यात महत्त्वाचा भाग हाच. लोक एकच गोष्ट दहा तऱ्हेनं टाइप करतात. `vlookup in marathi`, `vlookup kase kartat`, `व्हीलुकअप कसे वापरायचे`, `v lookup formula`, `vlokup`, या पाचही माणसांना एकच हवंय, व्हीलुकअप पहिल्यापासून शिकायचंय. टर्म जशीच्या तशी जुळवत बसलो तर जुन्याकडे एक स्पेलिंग आणि मोठ्याकडे दुसरं, आणि कागदावर दोघांची कुठे गाठच पडत नाही असं दिसतं. भांडण असतं, दिसत नाही.

उलट चूकही तितकीच सोपी आहे, vlookup शब्द दिसला की सगळं एका पोत्यात. `vlookup na error` टाइप करणाऱ्याला व्हीलुकअप येतं, त्याचा फॉर्म्युला अडलाय आणि त्याला दोन मिनिटांत उत्तर हवंय. `vlookup from another sheet` वाल्यालाही बेसिक येतं. `xlookup vs vlookup` वाला वेगळाच, तो निवड करायला आलाय, बहुतेक त्याच्याकडे नवं एक्सेल आहे, कारण एक्सलुकअप 2019 आणि त्याआधीच्या एक्सेलमध्ये येतच नाही.

म्हणून गट शब्दावरून पाडले नाहीत, माणूस कशासाठी आलाय यावरून पाडले: शिकणं, एरर, दुसरी शीट, तुलना. जी टर्म नुसती `vlookup` अशी एकटीच होती तिच्यावर थोडा विचार केला, कारण ती टाइप करणाऱ्याला काय हवंय हे शब्दावरून कळत नाही. शेवटी तिला शिकणंमध्ये टाकलं, कारण त्या टर्मवरून जुन्यावर येणारे जवळजवळ तितकाच वेळ थांबतात जितका `vlookup in marathi` वाले थांबतात. शब्द मुका असला की वागणुकीवरून ठरवायचं.

गूगल शीटमध्ये पाच कॉलम: टर्म, व्हिडिओ, व्ह्यू, मिनिटं, गट. एका गटात किती वेगवेगळे व्हिडिओ आहेत ते या फॉर्म्युल्यानं:

```
=COUNTUNIQUEIFS(B:B, E:E, E2)
```

मग पिव्होट, ओळीत गट, कॉलममध्ये व्हिडिओ, आत व्ह्यूंची बेरीज. एखाद्या गटात दुसऱ्या नंबरच्या व्हिडिओकडे पाचव्या हिश्श्याच्या आसपास किंवा जास्त व्ह्यू असतील तरच मी पुढे बघतो. हा माझा अंदाजे ठोकताळा आहे, यूट्यूबचा नियम वगैरे काही नाही. त्याखालचं सोडून देतो, कारण प्रत्येक चॅनलवर थोडंफार सांडतंच.

तीन गट गाळणीत राहिले. शिकणंमध्ये जुना आणि मोठा. एररमध्ये एररवाला आणि जुना. तुलनामध्ये तुलनावाला आणि मोठा, पण तिथे व्ह्यूच इतके कमी आहेत की काही बोलण्यात अर्थ नाही, तो बाजूला.

2 मार्च

आता खरा प्रश्न. एका गटात दोन व्हिडिओ दिसतायत, पण ते एकमेकांचं खातायत की दोघं मिळून जास्त आणतायत? सर्चमध्ये एकाच चॅनलचे दोन व्हिडिओ वर खाली दिसू शकतात आणि तेव्हा ती चॅनलची दुप्पट जागा झाली, त्यात तोटा कसला. तोटा तेव्हाच जेव्हा दुसरा आल्यानंतर दोघांची मिळून बेरीज वाढत नाही, किंवा बेरीज तेवढीच राहून लोक कमी थांबणाऱ्या व्हिडिओकडे वळतात.

म्हणून आधी आणि नंतर. मोठा 10 नोव्हेंबरला आला. आधीचे 90 दिवस: 12 ऑगस्ट ते 9 नोव्हेंबर. नंतरचे 10 नोव्हेंबरपासून धरले नाहीत, पहिले दोन आठवडे सोडले. नवा व्हिडिओ आला की सबस्क्रायबर नावानं शोधून बघतात, आकडे उड्या मारतात, त्यावरून काही ठरवू नये. त्यामुळे नंतरचे 90 दिवस 24 नोव्हेंबर ते 21 फेब्रुवारी.

शिकणं गट, फक्त सर्चमधून:

आधी: जुना 2400.
नंतर: जुना 1300, मोठा 900, मिळून 2200.

नुसतं एवढं बघून कुणीही म्हणेल की दोनशे कमी झाले, म्हणजे खाल्लं. पण कदाचित त्या काळात एक्सेल शोधणारे लोकच कमी झाले असतील, सुट्ट्या असतात, परीक्षा असतात. म्हणून एक साक्षीदार गट लागतो, ज्यात चॅनलचा एकच व्हिडिओ आहे आणि त्या काळात काहीच बदललेलं नाही. पिव्होट टेबलचा व्हिडिओ असा आहे. त्याचे सर्चमधले व्ह्यू याच दोन कालावधीत 1800 वरून 1980 झाले, दहा टक्के वाढ. म्हणजे शोधणारे लोक कमी झालेले नाहीत, उलट थोडे वाढलेत. त्याच चालीनं शिकणं गट 2640 च्या आसपास जायला हवा होता आणि तो 2200 वर आहे. आता संशय पक्का व्हायला लागतो.

साक्षीदार एकच असल्यानं थोडी धाकधूक आहे, पिव्होटचं स्वतःचं काही चालू असू शकतं. उद्या कंडिशनल फॉरमॅटिंगचाही बघतो.

3 मार्च

बघितला. तोही वाढलाय, पिव्होटपेक्षा थोडा कमी, पण वाढलाय. दिशा तीच.

मग जुना नेमका कशानं घसरला ते. इथे दोन शक्यता असतात आणि दोन्हींचा उपाय वेगळा. एक म्हणजे तो सर्चमध्ये पूर्वीइतकाच दिसतोय पण लोक क्लिक करत नाहीत, मग दोष थंबनेल टायटलचा. दुसरी म्हणजे तो दिसतोयच कमी. सर्च टर्मनिहाय इम्प्रेशन्स माझ्याकडे नाहीत, पण सर्च या पूर्ण सोर्सची इम्प्रेशन्स आणि क्लिक थ्रू रेट व्हिडिओनिहाय मिळतात. जुन्याची सर्च इम्प्रेशन्स 52 हजारांवरून 33 हजारांवर आली आणि क्लिक थ्रू रेट दोन्ही वेळा 6 टक्क्यांच्या आसपास. म्हणजे ज्यांना दिसला ते पूर्वीसारखेच क्लिक करतायत, तो दाखवलाच कमी जातोय. हे आपल्याच दुसऱ्या व्हिडिओनं जागा घेतल्याच्या चित्राशी जुळतं. पूर्ण पुरावा नाही, बाहेरच्या कुणाचा नवा व्हिडिओ वर गेला तरी असंच दिसेल. पण बाहेरच्यानं ढकललं असतं तर मोठ्याला 900 मिळाले नसते.

इनकॉग्निटोमध्ये हातानं शोधूनही बघितलं. `vlookup in marathi` ला मोठा वर, जुना चार पाच जागा खाली. `vlookup kase kartat` ला उलटं. हातानं शोधलेल्यावर मी फार भार टाकत नाही, कारण निकाल माणूस, भाषा, जागा यांप्रमाणे बदलतात, सरांच्या स्वतःच्या मोबाइलवर तर त्यांचेच व्हिडिओ वर दिसतात आणि ते खुश होतात.

4 मार्च

मिनिटांचा हिशोब. या कामात व्ह्यूपेक्षा हा जास्त बोलका निघाला.

शिकणं गटातून आलेला माणूस जुन्यावर सरासरी 4 मिनिटं 50 सेकंद थांबतो. त्याच गटातून मोठ्यावर आलेला 3 मिनिटं 5 सेकंद. सरासरी म्हणजे साधं, त्या गटाची एकूण मिनिटं भागिले व्ह्यू, दोन्ही एकाच रिपोर्टमध्ये येतात.

आधी: 2400 गुणिले 4.83, साधारण 11,600 मिनिटं.
नंतर: जुना 6,280 आणि मोठा 2,770, मिळून साधारण 9,050.

व्ह्यू आठ टक्क्यांनी कमी पण बघितलेला वेळ वीस टक्क्यांच्या वर कमी. यूट्यूबनं स्वतः सांगितलेलं आहे की सर्चमध्ये ते टायटल, डिस्क्रिप्शन आणि आतला मजकूर शोधाशी किती जुळतो हे बघतात, आणि त्या विशिष्ट शोधासाठी त्या व्हिडिओचा वॉच टाइमसुद्धा बघतात. म्हणजे तोट्याला शेपूट आहे. आज मोठा जागा घेतोय, लोक लवकर निघून जातायत, उद्या तोही खाली गेला तर जुन्याला ती जागा आपोआप परत मिळेल याची काही खात्री नाही, मध्ये दुसरं चॅनल बसेल.

मोठ्याचा रिटेन्शन ग्राफ उघडला. पहिली अडीच मिनिटं ओळख, चॅनलबद्दल, मग टेबल तयार करणं. पहिला फॉर्म्युला तिसऱ्या मिनिटाला. जुन्यात फॉर्म्युला चाळीसाव्या सेकंदाला स्क्रीनवर आहे. सर्चमधून आलेल्या माणसाला फॉर्म्युला बघायचा असतो हो, त्याला आपली ओळख नकोय.

आता गंमत अशी की सजेस्टेड व्हिडिओंमधून मोठ्यावर येणारे सरासरी सात मिनिटं थांबतात. तोच व्हिडिओ, तीच अडीच मिनिटांची सुरुवात, पण ते लोक आधीच सरांचा दुसरा व्हिडिओ बघून आलेले, निवांत आहेत. मोठा व्हिडिओ वाईट नाही, चुकीच्या दारात उभा आहे एवढंच.

5 मार्च

एररचं प्रकरण आधी उरकतो. एरर गटात एररवाल्याला 1500, जुन्याला 300. दुसऱ्याकडे पूर्ण पाचवा हिस्साही नाही, तरी बघितलं कारण जुना इथे कसा आला ते कळत नव्हतं. जुन्यात अकराव्या मिनिटाला एक चॅप्टर आहे, नाव "N/A एरर". त्यावरून येतायत. एररवाला यायच्या आधी जुन्याला या गटात 350 च्या आसपास होते, म्हणजे एररवाल्यानं जुन्याचं फारसं काही खाल्लं नाही आणि बेरीज पाचपट झाली. याला ओव्हरलॅप म्हणता येईल पण नुकसान नाही. चॅप्टरचं नाव बदलायचं नाही. फक्त अकराव्या मिनिटाला एररवाल्याचं कार्ड लावलं, ज्याला सविस्तर हवंय तो तिकडे जाईल.

हे मुद्दाम लिहून ठेवतोय, कारण टूल्स जी ओव्हरलॅपची लाल यादी देतात त्यात शिकणं आणि एरर दोन्ही सारखेच लाल दिसले असते.

6 मार्च

सरांशी फोन. त्यांचा पहिला विचार, "मग मोठा अनलिस्टेड करून टाकू का? किंवा जुना काढून टाकू, तसाही आवाज खराब आहे त्याचा."

मी म्हटलं सर, दोन्ही नको. वेबसाइटवर दोन पानं भांडत असतील तर एक दुसऱ्याकडे रीडायरेक्ट करता येतं, यूट्यूबवर तशी सोयच नाही. जुना काढला तर त्याच्या तीन वर्षांच्या लिंका, प्लेलिस्टमधल्या जागा, कमेंट सगळं जातं आणि त्यातलं काहीही मोठ्याकडे सरकत नाही. फाइल बदलून त्याच लिंकवर नवा व्हिडिओही बसवता येत नाही, ट्रिम, ब्लर, ऑडिओ असे थोडेच बदल करू देतात. आणि मोठा अनलिस्टेड केला तर सर्चबरोबर सजेस्टेडही बंद, जिथे तो चांगला चालतोय. चॅनल अजून मोनेटाइज झालेलं नाही, जाहिरातींच्या कमाईसाठी जे 4000 तास लागतात ते पब्लिक वॉच अवर्स असतात, अनलिस्टेड व्हिडिओचे तास त्यात धरत नाहीत. म्हणजे सर्चचं भांडण मिटवायला तासांची थैली रिकामी करायची.

सर म्हणाले, "मग टॅग बदलू." टॅग बदलून काही होणार नाही, यूट्यूबच सांगतं की टॅगचा वाटा फार थोडा, लोक ज्याचं स्पेलिंग चुकवतात तिथे उपयोग. दोन्ही व्हिडिओंना एकच टॅग होते हे खरं, पण भांडण टॅगमुळे लागलेलं नाही.

ठरलं असं की मोठ्याला वेगळ्या कामाला लावायचं. त्याच्यात नवव्या मिनिटापासून दोन शीटमधून डेटा आणणं आणि व्हीलुकअपच्या आत मॅच लावणं आहे, जे जुन्यात नाहीच. आणि लोक ते शोधतात का? मोठ्याच्याच यादीत `vlookup from another sheet` सातव्या नंबरला आधीपासून आहे, टायटलमध्ये तसं काहीच नसताना. त्या गटातले लोक मोठ्यावर सरासरी पाच मिनिटं थांबतायत. मागणी आहे, थांबणंही आहे, नाव तेवढं नाही.

9 मार्च

बदल केले, फक्त मोठ्यात.

टायटल: "दुसऱ्या शीटमधून डेटा आणा: VLOOKUP + MATCH, रिपोर्ट बनवून दाखवलाय". फुल ट्युटोरियल काढलं, मराठीत काढलं. VLOOKUP शब्द ठेवला, तो काढणं म्हणजे अतिरेक, दुसऱ्या शीटवाला माणूसही तो टाइप करतोच. पण टायटलच्या सुरुवातीला आता काम आहे, फॉर्म्युल्याचं नाव मागे गेलं.

डिस्क्रिप्शनच्या पहिल्या दोन ओळी नव्या. आधी जुन्याच्याच कॉपी होत्या, शब्द न् शब्द. तिसऱ्या ओळीत "व्हीलुकअप पहिल्यांदाच शिकताय तर हा बघा" म्हणून जुन्याची लिंक, तीच पिन कमेंटमध्ये आणि व्हिडिओच्या सुरुवातीच्या कार्डात. चॅप्टर परत लिहिले, पहिला "VLOOKUP म्हणजे काय" होता तो "टेबलची तयारी" केला, आत खरंच तेच आहे.

थंबनेलला हात लावला नाही. त्यावर अजून VLOOKUP FULL असं मोठं लिहिलंय आणि ते टायटलशी जुळत नाही, सरांना खुपतंय. पण सजेस्टेडचे क्लिक बरेचसे थंबनेलवर चालतात, टायटल आणि थंबनेल एकदम बदलले आणि सजेस्टेड पडलं तर कशानं पडलं ते कळणार नाही. दोन आठवडे थांबायचं.

जुन्यात त्या एररच्या कार्डाशिवाय काहीच बदल नाही. हातच शिवशिवतो टायटलमध्ये नवं वर्ष टाकायला, पण नको, एका वेळी एकच बाजू हलवायची.

24 मार्च

मोठ्याची सजेस्टेड इम्प्रेशन्स आणि तिथला थांबण्याचा वेळ, दोन्ही जागेवर. थंबनेलवरचा मजकूर बदलून "दोन शीट" केला. क्लिक थ्रू रेटवर नजर ठेवायची, पडला तर जुनं थंबनेल परत.

सरांचा एडिटर विचारत होता सर्चमध्ये फरक दिसला का. इतक्या लवकर बघायचं नाही असं सांगितलं. मग मीच बघितलं. काही ठरवण्यासारखं नाहीये.

2 मे

45 दिवसांचा आकडा, 16 मार्च ते 29 एप्रिल. बदलानंतरचा पहिला आठवडा सोडला. तुलनेला मागच्या 90 दिवसांचे निम्मे धरले.

शिकणं गट: जुना 650 होता तो 1010. मोठा 450 होता तो 150. मिळून 1100 वरून 1160. पिव्होट साक्षीदार 990 वरून 1010. म्हणजे व्ह्यूंमध्ये साक्षीदारापेक्षा थोडीच जास्त वाढ, यावरून ढोल वाजवायला नको. मिनिटं मात्र 4,525 वरून 5,340 च्या आसपास, कारण लोक परत त्या व्हिडिओवर यायला लागले जिथे ते थांबतात.

दुसरी शीट गट: मोठा 90 वरून 260, थांबणं पाच मिनिटांच्या जवळपास तेच. हे व्ह्यू कुणाकडून काढून घेतलेले नाहीत, या गटात चॅनलचा दुसरा व्हिडिओच नव्हता.

नोव्हेंबरच्या आधीची पातळी आली का? नाही. 45 दिवसांना जुना तेव्हा 1200 होता, आता 1010, आणि मोठ्याचे 150 धरूनही कमीच. `vlookup in marathi` ला मधल्या काळात बाहेरचा एक व्हिडिओ वर बसलाय, हातानं शोधल्यावर तो सातत्यानं दिसतो. तो टायटल बदलून हलणार नाही.

सर विचारतायत आता जुन्याचा आवाज सुधारून परत टाकू का. नव्यानं टाकला तर परत तेच, एकाच गटात दोन. मी म्हटलं टाकायचाच असेल तर आधी ठरवा की जुन्याचं नाव काय करणार, आणि ते ठरत नसेल तर टाकू नका.

16 जून

90 दिवस भरले, 16 मार्च ते 13 जून. शिकणं गट मिळून 2380, त्यात मोठा 260. दुसरी शीट 610. मेच्या चित्रात फरक नाही, फक्त दुसरी शीट अजून चढतेय. थंबनेल बदलल्यावर मोठ्याचा सजेस्टेडचा क्लिक थ्रू रेट हलला नाही, नवंच ठेवलं.

अपलोडच्या शीटमध्ये एक कॉलम वाढवला: नव्या व्हिडिओचं टायटल ठरवायच्या आधी तो कुठल्या गटात जाणार ते लिहायचं, आणि त्या गटात आधीच कोण बसलंय आणि लोक त्याच्यावर किती थांबतात ते शेजारी. एडिटरच भरतो, पाच मिनिटांचं काम.

पहिलीच ओळ आली: "पिव्होट टेबल पूर्ण माहिती", सरांनी शूट करून ठेवलाय. म्हणजे माझा साक्षीदार गेला. जुना पिव्होट सर्चमध्ये चांगला थांबवतो, नव्याची फाइल बघितली तर अर्ध्याच्या पुढे स्लायसर आणि दोन पिव्होट जोडणं आहे. टायटल स्लायसरवरून करा असं सरांना कळवलंय, आणि मोजणीसाठी साक्षीदार म्हणून कंडिशनल फॉरमॅटिंग आणि डेटा व्हॅलिडेशन हे दोन धरतोय, त्यांचे मागचे 90 दिवस आजच काढून ठेवले.